पहिला टोल साडेनऊला

दहावीच्या जुन्या गटावर माजी विद्यार्थी मेळाव्याचं चित्र येतं आणि त्याखाली मजकूर. ‘ते सोनेरी दिवस पुन्हा जगूया’ ही त्यातली ठरलेली ओळ. ती कुठल्याही शाळेला चालते, म्हणून कुणालाच हलवत नाही. आठवण अशी हवी की ती वेळ आणि जागाही सांगेल. समजा, मार्च 2001 मध्ये दहावी दिलेल्यांना बोलवायचं आहे:

‘रुळाच्या तुकड्यावर शिपाईकाका टोल द्यायचे, आठवतंय? रविवार, 27 डिसेंबर 2026 रोजी सकाळी साडेनऊला तो पुन्हा पडणार आहे. रांगा आपल्याच शाळेच्या मैदानात. ‘अ’ तुकडी नळापाशी, ‘ब’ झेंड्याच्या कट्ट्यापाशी. नावनोंदणी 6 डिसेंबरपर्यंत, खालच्या लिंकवर.’

इथे वार, तारीख, वेळ, जागा आणि उभं कुठे राहायचं, सगळं आलं. ‘मार्च 2001’ असंच लिहावं. नुसतं ‘2001 ची बॅच’ म्हटलं की त्या जूनमध्ये दहावीत गेलेलेही चौकशी करू लागतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर लांब मजकुराचा खालचा भाग झाकला जातो, म्हणून तारीख वरच्या ओळींत हवी. चित्र पुढे पाठवताना खालचा मजकूर गळूही शकतो, तेव्हा तारीख आणि जागा चित्रावरही हव्यात. लिंकचं मात्र उलट आहे. चित्रात छापलेली लिंक बोटाने उघडत नाही, ती मजकुरातच द्यावी लागते.

नोंदणीचा अर्ज छोटा ठेवावा, पण त्यात ‘शाळेतलं पूर्ण नाव’ हा रकाना सर्वांत वर असावा. लग्नानंतर आडनाव, कधी पहिलं नावही बदललेल्या मैत्रिणी नुसत्या आजच्या नावावरून ओळखू येत नाहीत. हजेरीपटाशी ताळा लावताना त्या ‘सापडल्या नाहीत’ या यादीत राहून जातात, आणि ज्यांनी आपणहून अर्ज भरला त्यांनाच कुणीतरी पुन्हा शोधत बसतं. तुकडी विचारली की हे काम आणखी सोपं होतं.

वर्गणीतही असाच घोळ होतो. पैसे नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यातून येतात आणि खजिनदाराला नाव जुळत नाही. अर्जात यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक मागितला की प्रश्न सुटतो. क्यूआर कोडसोबत यूपीआय आयडीही अक्षरांत द्यावा, कारण चित्र ज्या फोनवर आलं, त्याच फोनचा कॅमेरा त्यावर धरता येत नाही.

शेवटची तारीख तीन आठवडे आधीची ठेवली ती जेवणासाठी. केटररला ताटांचा आकडा द्यायचा असतो, आणि ‘बघतो, जमलं तर येतो’ म्हणणाऱ्यांना एकेक फोन करायला एवढे दिवस लागतातच.

निवृत्त शिक्षक या गटावर नसतात. त्यांच्या घरी दोघांनी समक्ष जावं, मोठ्या अक्षरांतलं पत्र हातात द्यावं आणि न्यायला गाडी किती वाजता येईल, कोण घेऊन येईल, हे त्यावरच लिहावं.