फोन चोरीला गेल्यावर काय वाचते, काय परत मिळते

चोरीला गेलेल्या फोनबरोबर तीन गोष्टी हातातून जातात. पहिली म्हणजे फोनच्या मेमरीतला डेटा. दुसरी, त्यातला जो भाग कुठेही बॅकअप झालेला नाही तो. तिसरी म्हणजे मालकाच्या नावाने इतर खात्यांत शिरण्याची सोय, म्हणजे उघडे असलेले ई-मेल आणि ज्यावर ओटीपी येतात ते सिमकार्ड. लोकांना धास्ती पहिल्या गोष्टीची असते, पण पैशाचे नुकसान बहुधा तिसरीमुळे होते.

मेमरीतला डेटा समजतो त्यापेक्षा सुरक्षित असतो. आयफोनवर पासकोड लावला की डेटा आपोआप कूटबद्ध होतो. अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरच्या आवृत्तीसह बाजारात आलेल्या प्रत्येक फोनलाही हे सक्तीचे आहे. कुलूप उघडणारी किल्ली मालकाचा पिन आणि फोनच्या चिपमध्ये दडलेले गुपित यांच्या मेळातून तयार होते. त्यामुळे मेमरीची चिप काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तरी हाती निरर्थक आकडे येतात. चुकीचा पिन वारंवार टाकला तर फोन पुढच्या प्रयत्नासाठी अधिकाधिक थांबायला लावतो. चोराने फोन बंद केला तर संरक्षण उलट वाढते, कारण पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत जवळपास सगळा डेटा कुलूपबंद राहतो.

या संरक्षणाला भोके आहेत. गर्दीत खांद्यावरून पाहिलेला पिन किंवा १२३४ सारखा पिन असेल तर कूटबद्धतेचा काही उपयोग नाही. फोनमध्ये घातलेले एसडी कार्ड बहुधा कूटबद्ध नसते. ते काढून संगणकाला लावले की त्यावरचे फोटो सरळ दिसतात, आणि दूरून फोन पुसला तरी कार्ड पुसले जाईलच असे नाही. कुलूपबंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसत असेल, तर ओटीपीही तिथेच वाचता येतो.

समजा, संध्याकाळी साडेसातला दादरहून कल्याणला निघालेल्या लोकलमध्ये अँड्रॉइड फोन खिशातून गेला. पहिली इच्छा सिम बंद करण्याची होते, आणि तिथेच एक अडचण आहे. फोनचा इंटरनेट त्याच सिमवर चालतो. सिम आधी बंद केले तर फोनला कुलूप लावण्याचा किंवा तो पुसण्याचा आदेश पोहोचणार नाही. म्हणून पहिली काही मिनिटे फोनला गाठण्यासाठी वापरावीत. सोबतच्या माणसाच्या फोनवर android.com/lock उघडून मोबाइल क्रमांक टाकला की पडदा कुलूपबंद करता येतो. त्याला गूगलचा पासवर्ड लागत नाही, मात्र ही सोय फोनमध्ये आधी सुरू केलेली असावी लागते. फोन कुठे आहे ते पाहायला आणि पुसायला android.com/find वर गूगल खात्याने लॉगिन करावे लागते. अनेकांची गाडी इथेच अडते, कारण गूगल जो पडताळणीचा कोड मागते तो हरवलेल्या फोनवरच येतो. गूगल खात्यात आधीच काढून ठेवता येणारे दहा बॅकअप कोड घरी कागदावर असतील, तर हा पेच सुटतो. आयफोनच्या मालकाला iCloud.com/find वर असा कोड लागत नाही.

पुसण्याचा आदेश फोन ऑनलाइन असेल तरच लगेच लागू होतो. नाहीतर फोन पुढे कधी इंटरनेटला जोडला जाईल तेव्हा. फोन पुसताना किल्लीच नष्ट होते, त्यामुळे नंतर तो सापडला तरी त्यातला डेटा कोणत्याही दुकानात परत मिळत नाही. म्हणून बॅकअप आहे की नाही याचा विचार करूनच हे बटण दाबावे. स्क्रीन लॉक चांगला असेल तर नुसते कुलूप लावून एक-दोन दिवस थांबायला हरकत नसते.

कुलूप लागले, किंवा फोन काही केल्या सापडत नसला, की लगेच सिम. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की त्यावरचे ओटीपी चोराला मिळतात, मग मूळ फोन कितीही पक्का बंद असो. आधीच सिम पिन लावलेला असेल तर दुसऱ्या फोनमध्ये सिम त्याशिवाय चालत नाही. नसेल तर मोबाइल कंपनीला फोन करून सिम बंद करावे, बँकेला कळवावे आणि यूपीआय थांबवायला सांगावे. यूपीआय पिन फोनमध्ये साठवलेला नसतो, पण तो दुसरीकडे लिहून ठेवला असेल किंवा कार्डही पाकिटाबरोबर गेले असेल, तर धोका वाढतो. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

एक चूक सहज होते. घाबरून गूगल खात्याच्या यादीतून हरवलेल्या फोनला साइन-आउट केले जाते. तसे केले की तो फोन शोधण्याच्या व पुसण्याच्या सोयीतून निसटतो. म्हणून साइन-आउट सगळ्यात शेवटी. आयफोनच्या बाबतीत तर तो ॲपल खात्यातून काढूच नये, कारण दुसऱ्याला फोन वापरू न देणारे कुलूप त्याने निघून जाते. चोरांना नेमके तेच हवे असते. काही दिवसांनी ‘तुमचा आयफोन सापडला आहे, लॉगिन करा’ असा संदेश येतो, त्यातली लिंक खोट्या पानाची असते आणि ॲपल खात्याचा पासवर्ड मागते.

आता परत मिळण्याबद्दल. गूगल खात्यात जोडलेले संपर्क नव्या फोनवर साइन-इन करताच येतात. फोटोंचे तसे नसते. गूगल फोटोजचा बॅकअप फक्त वायफायवर होण्यासाठी लावलेला असेल, तर वायफाय नसलेल्या सहलीत काढलेले फोटो फोनबरोबरच जातात. फोनचा अँड्रॉइड बॅकअपही कायम राहत नाही; ५७ दिवस फोन वापरला नाही तर तो पुसला जाऊ शकतो, म्हणून नवा फोन घेण्यात फार उशीर करू नये.

व्हॉट्सॲपचा रोजचा बॅकअप सहसा पहाटे दोनच्या सुमारास होतो. संध्याकाळी गेलेल्या फोनमधल्या त्या दिवसाच्या गप्पा त्यात नसतात. घरच्या संगणकावर व्हॉट्सॲप जोडलेले असेल तर त्या तिथे दिसतात, आणि फोनशिवायही ते १४ दिवस चालते. मात्र नव्या फोनवर त्याच क्रमांकाने नोंदणी केली की संगणकावरचे लॉगिन तुटते. म्हणून हवे ते संदेश आणि फाइली आधी तिथून उतरवून घ्याव्यात. बॅकअपला वेगळा पासवर्ड लावला असेल आणि तो आठवत नसेल, तर तो बॅकअप व्हॉट्सॲपलाही उघडता येत नाही. दुसरीकडे, जुन्या फोनवरचे व्हॉट्सॲप सिम बंद झाल्यावरही वायफायवर चालू राहते. ते बंद पडते नव्या नोंदणीनेच. नव्या सिमवर भारतात पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, तेव्हा नोंदणीचा कोड फोन कॉलवर मागावा.

लॅपटॉपचे चित्र वेगळे आहे. विंडोजचा पासवर्ड म्हणजे डेटाला कुलूप हा समज चुकीचा आहे. डिस्क कूटबद्ध नसेल तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडताच कागदपत्रे पासवर्डशिवाय उघडतात. आपल्या लॅपटॉपची स्थिती ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कळते:

```
manage-bde -status
```

उत्तरात Protection On दिसले तर डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे. तिची ४८ अंकी किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती लॅपटॉपच्या पिशवीत चिठ्ठीवर ठेवू नये. मॅकवर हेच काम फाइलव्हॉल्ट करते. विंडोजची शोधसेवा लॅपटॉप कुठे आहे ते दाखवते आणि कुलूप लावते, पण तो पुसू शकत नाही. डिस्क कूटबद्ध नसेल तर त्यावरचे सगळे उघड झाले असे धरून, दुसऱ्या संगणकावरून आधी ई-मेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदलावा व सगळीकडचे लॉगिन बंद करावे.

पोलिसांत तक्रार आणि बदली सिम हाती आल्यावर संचार साथी संकेतस्थळावरच्या सीईआयआर सेवेत फोनचा आयएमईआय क्रमांक देऊन तो देशभरच्या सगळ्या मोबाइल नेटवर्कवर बंद करता येतो. हा क्रमांक खरेदीच्या बिलावर आणि खोक्यावर असतो. त्याने डेटा पुसला जात नाही आणि वायफाय थांबत नाही. फोन मोबाइल नेटवर्कवर निरुपयोगी होतो, एवढेच. फोन परत मिळालाच, तर तो त्याच सेवेतून पुन्हा चालू करून घ्यावा लागतो.