टीसीबीएस आगर

व्हिब्रिओ प्रजातीतील सूक्ष्मजंतू वेगळे काढण्यासाठी वापरण्यात येणारे निवडक संवर्धन माध्यम. थायोसल्फेट, सायट्रेट, पित्त लवणे व सुक्रोज या घटकांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला हे नाव पडले. १९६३ मध्ये ते जपानमध्ये प्रचारात आले. त्याचे पीएच मूल्य सु. ८.६ असते. ही अल्कता व पित्त लवणे यांमुळे आतड्यातील इतर बहुतेक सूक्ष्मजंतूंची वाढ खुंटते; व्हिब्रिओ मात्र ३५°–३७° से. तापमानास १८ ते २४ तासांत स्पष्ट वसाहती तयार करतात.

माध्यमात दर लिटरला २० ग्रॅ. सुक्रोज असते. त्याचे किण्वन करणाऱ्या जाती अम्ल निर्माण करतात, त्यामुळे माध्यमातील दर्शकाचा रंग बदलून वसाहती पिवळ्या दिसतात. इतर जातींच्या वसाहती हिरव्या राहतात. पटकीचा व्हि. कॉलेरी पिवळा, तर मासे खाण्यातून विषबाधा घडविणारा व्हि. पॅराहीमोलिटिकस हिरवा असतो. परंतु समुद्राच्या पाण्यात विपुल असणारा व्हि. अल्जिनोलिटिकस हाही पिवळाच असतो. केवळ रंगावर विसंबल्यास पटकीची खोटी धास्ती निर्माण होते.

हा भेद मिठाच्या सहनशीलतेने उकलतो. समजा, मासे खाल्ल्यानंतर जुलाब झालेल्या रुग्णाच्या मलातून दोन प्रकारच्या पिवळ्या वसाहती मिळाल्या. प्रत्येकीचे साध्या आगरावर पुनर्संवर्धन करून ट्रिप्टोनाच्या १ टक्का द्रावणात अनुक्रमे ०, ३, ८ व १० टक्के मीठ असलेल्या नळ्यांत तिचे अल्प प्रमाणात रोपण करतात. पहिली ० व ३ टक्क्यांत वाढली, पण ८ टक्क्यांत वाढली नाही, तर ती व्हि. कॉलेरी असण्याचा संभव असतो. दुसरी ० टक्क्यात न वाढता उरलेल्या तिन्ही नळ्यांत वाढली, तर ती बहुधा व्हि. अल्जिनोलिटिकस असते. हिरवी वसाहत ३ व ८ टक्क्यांत वाढून ० व १० टक्क्यांत न वाढल्यास व्हि. पॅराहीमोलिटिकस सूचित होतो. ती मिठाविना वाढल्यास व्हि. मिमिकसचा विचार करावा लागतो.

मिठाविना असलेल्या नळीत फसगत होण्याचा संभव अधिक असतो. नेहमीच्या पोषक रसात सु. ०.५ टक्का मीठ असतेच, आणि रोपण जास्त झाल्यास गढूळपणा वाढीसारखा भासतो. ३ टक्क्यांची नळी वाढ दाखवीत नसेल, तर सूक्ष्मजंतूच मृत असल्याचे समजून चाचणी पुन्हा करतात. ऑक्सिडेज चाचणी टीसीबीएसवरील पिवळ्या वसाहतीवर थेट करीत नाहीत, कारण अम्लामुळे खोटा नकारात्मक निष्कर्ष येतो. प्रोटियस व एंटेरोकॉकस यांच्या काही वसाहतीही पिवळ्या दिसतात. त्यामुळे व्हि. कॉलेरी निश्चित झाल्यावरही ओ१ किंवा ओ१३९ प्रतिरक्तरसाशी होणारे समूहन व विषनिर्मिती तपासल्याखेरीज साथीच्या पटकीचे निदान पूर्ण होत नाही.