न फोडलेला कंस

पहिल्या मजल्याच्या स्लॅबखाली सहा मीटर लांबीचा लोखंडी गर्डर टाकायचा आहे. दोन्ही टोकं भिंतींवर नुसती टेकलेली. डाव्या टोकापासून दोन मीटरवर दुसरा एक बीम येऊन त्याच्यावर बसतो आणि एकाच जागी ३६ किलोन्यूटन भार टाकतो. एक किलोन्यूटन म्हणजे शंभर किलोच्या आसपास. तेव्हा हे साडेतीन टनांहून थोडं जास्त झालं. शिवाय तीन मीटरपासून पाच मीटरपर्यंत गर्डरवर नऊ इंची विटांची भिंत उभी आहे. भिंतीची उंची सुमारे २.६ मीटर, त्यामुळे तिचं वजन दर मीटर लांबीला १२ किलोन्यूटन. शेवटचा एक मीटर मोकळा. हा गर्डर किती वाकेल?

गर्डर मोडेल का, हा प्रश्न वेगळा आणि तुलनेने सोपा आहे. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा ३०० मिलिमीटर उंचीचा आय सेक्शन, म्हणजे आयएसएमबी ३००, इथे ताकदीला सहज पुरतो. पण ताकदीला पुरलेला गर्डरही इतका झुकू शकतो की वरच्या विटांच्या भिंतीला तिरप्या चिरा जातात. म्हणून बाक वेगळा काढावा लागतो.

सुरुवात टेकूंपासून. एकूण भार ३६ अधिक २४, म्हणजे ६० किलोन्यूटन. डाव्या टोकाभोवती मोमेंट घेतले की उजवा टेकू २८ आणि डावा ३२ किलोन्यूटन उचलतो, हे दोन ओळींत निघतं. पुढचं सगळं गणित एका नियमावर उभं आहे: गर्डरच्या कोणत्याही जागी येणारी वक्रता तिथल्या बेंडिंग मोमेंटच्या प्रमाणात असते. मोमेंटचं सूत्र एकदा इंटिग्रेट केलं की उतार मिळतो, दुसऱ्यांदा केलं की बाक.

अडचण आहे ती ‘मोमेंटचं सूत्र’ या दोन शब्दांत. पहिल्या दोन मीटरमध्ये फक्त डाव्या टेकूचा हिशेब असतो. दोन मीटरनंतर ३६ किलोन्यूटन त्यात येतात, तीन मीटरनंतर भिंत येते आणि पाच मीटरला ती संपते. एका गर्डरची चार सूत्रं झाली. प्रत्येक सूत्र दोनदा इंटिग्रेट केलं की दोन-दोन स्थिरांक उरतात, म्हणजे एकूण आठ. ते काढायला दोन टोकांच्या अटी आणि तीन सांध्यांवर प्रत्येकी दोन अटी (दोन्ही बाजूंचा उतार सारखा, दोन्ही बाजूंचा बाक सारखा) लिहून आठ समीकरणं सोडवायची. भार सहा-सात असतील तर हे काम हाताने करवत नाही.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधले गणितज्ञ विल्यम हेरिक मॅकॉले यांनी १९१९ मध्ये एका छोटेखानी टिपणात यावर तोडगा मांडला. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आजही त्याला ‘मॅकॉले मेथड’ म्हणतात. आल्फ्रेड क्लेब्श या जर्मन गणितज्ञाच्या १८६२ च्या ग्रंथात हीच कल्पना आधी येऊन गेली होती, आणि जर्मनीत या कंसाला फ्योपल यांचं नाव आहे. ‘सिंग्युलॅरिटी फंक्शन’ हे त्याचंच व्यापक नाव.

तोडगा असा. एक खास कंस घ्यायचा: ⟨x − a⟩. x म्हणजे डाव्या टोकापासूनचं अंतर आणि a म्हणजे भार जिथे सुरू होतो ती जागा. आपण a च्या अलीकडे असू तेव्हा या कंसाची किंमत शून्य धरायची. पलीकडे गेलो की तो साधा कंस. मग सगळा गर्डर एका ओळीत मावतो:

```
M = 32x − 36⟨x − 2⟩ − 6⟨x − 3⟩² + 6⟨x − 5⟩²
```

शेवटच्या पदाकडे जरा थांबून बघा. भिंतीसाठी लिहिलेला कंस तीन मीटरला जागा होतो, पण एकदा जागा झाला की पुन्हा झोपत नाही. त्याच्या लेखी भिंत गर्डरच्या टोकापर्यंत जाते. खरी भिंत तर पाच मीटरला संपते. म्हणून ती टोकापर्यंत आहे असंच मानायचं आणि पाच मीटरपासून पुढे तेवढाच भार खालून वर ढकलतो आहे असं धरायचं. शेवटच्या मीटरमध्ये दोन्ही एकमेकांना खोडतात. हे वर ढकलणारं पद विसरणं ही नेहमीची चूक आहे, आणि ती पकडणंही सोपं आहे. उजवं टोक नुसतं टेकलेलं असल्यामुळे तिथे मोमेंट शून्यच यायला हवा. x च्या जागी ६ घाला: १९२ − १४४ − ५४ + ६ = ०. शेवटचे ६ विसरले असते तर उत्तर उणे ६ आलं असतं. माझ्या मते इंटिग्रेट करायला बसण्याआधी ही एक ओळ तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. मागाहून चूक शोधणं फार जिवावर येतं.

आता इंटिग्रेशन. इथे एकच नियम पाळायचा: कंस फोडायचा नाही. ⟨x − 2⟩ हे एकच अक्षर आहे असं समजून त्याचा घात एकाने वाढवायचा आणि नव्या घाताने भागायचं.

```
EI·(उतार) = 16x² − 18⟨x − 2⟩² − 2⟨x − 3⟩³ + 2⟨x − 5⟩³ + C₁
EI·(बाक) = (16/3)x³ − 6⟨x − 2⟩³ − ½⟨x − 3⟩⁴ + ½⟨x − 5⟩⁴ + C₁x + C₂
```

आठांच्या जागी दोनच स्थिरांक उरले. बाकीचे सहा कुठे गेले? हा प्रश्न वर्गात फारसा विचारला जात नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

समजा आपण कंस फोडला. x − 2 चं इंटिग्रेशन x²/2 − 2x असं केलं. न फोडता केलेलं उत्तर (x − 2)²/2 आहे, म्हणजे x²/2 − 2x + 2. फरक फक्त २ चा. एरवी असा फरक स्थिरांकात विरून जातो, म्हणून विद्यार्थी बिनधास्त कंस फोडतात. पण हे पद दोन मीटरच्या अलीकडे अस्तित्वातच नाही. न फोडलेलं पद x = 2 ला शून्यापासून सुरू होतं, त्यामुळे उतारात काही खंड पडत नाही. फोडलेलं पद मात्र त्या जागी उणे २ या किमतीने एकदम उगवतं. ३६ ने गुणल्यावर ती उतारातली ७२ ची उडी होते; म्हणजे गर्डर तिथे काटकोनी घडीसारखा नाही, पण कोन करून दुमडला आहे. आणखी एकदा इंटिग्रेट करा, बाकात ९६ ची उडी येते. आपल्या गर्डरच्या हिशेबात ती साडेपाच मिलिमीटरची पायरी आहे. कागदावर आपण गर्डर तोडला!

न फोडलेला कंस आपल्या जागी शून्यापासून सुरू होतो, एवढ्यानेच सांध्यांवरचा उतार आणि बाक आपोआप जुळतात. ज्या सहा अटी वेगळ्या लिहाव्या लागल्या असत्या, त्या या कंसानेच पाळलेल्या असतात.

उरलेल्या दोन अटी टोकांच्या. डाव्या टोकाला बाक शून्य, म्हणून C₂ शून्य. उजव्या टोकाला बाक शून्य: ११५२ − ३८४ − ४०.५ + ०.५, म्हणजे ७२८, अधिक सहा पट C₁ बरोबर शून्य. C₁ आला उणे १२१.३३.

सगळ्यात जास्त बाक जिथे उतार शून्य तिथे. ती जागा कोणत्या तुकड्यात आहे हे आधी ठाऊक नसतं, म्हणून अंदाज करायचा. दोन ते तीन मीटरच्या दरम्यान असेल असं धरलं तर शेवटचे दोन कंस झोपलेले राहतात आणि साधं वर्गसमीकरण उरतं. त्यातून x = २.९२ मीटर. उत्तर धरलेल्या तुकड्यातच आलं, म्हणून अंदाज खरा. ३.४ वगैरे आलं असतं तर ते उत्तर टाकून पुढच्या तुकड्याचं समीकरण घ्यावं लागलं असतं. सर्वांत जास्त मोमेंट दोन मीटरवर आहे, पण बाक जवळजवळ मधोमध. या दोन जागा एकच असतात असं बरेच जण धरून चालतात.

तिथे EI गुणिले बाक उणे २२६.२ येतं, उणे म्हणजे खाली. पोलादाचा E दोन लाख मेगापास्कल आणि आयएसएमबी ३०० चा I ८६०३.६ सेंटिमीटरचा चौथा घात, म्हणून EI सुमारे १७,२०० किलोन्यूटन-मीटर वर्ग. भागाकार १३.१ मिलिमीटर. गर्डरचं स्वतःचं वजन त्यात आणखी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी भर घालतं. भेगा पडू शकतील असं काही वर असेल तर भारतीय मानक आयएस ८०० मधली मर्यादा लांबीच्या ३६० व्या भागाची, म्हणजे इथे १६.७ मिलिमीटर. ती मुळात चल भारासाठी आहे. आपण सगळाच भार धरूनही तिच्या आत आहोत.

पण मला या रीतीचा खरा उपयोग पुढे दिसतो. एकाच सूत्रात x बदलत गेलं की हव्या त्या जागेचा बाक मिळतो. भिंतीचं डावं टोक तीन मीटरवर, तिथे १३.१ मिलिमीटर. उजवं टोक पाच मीटरवर, तिथे ६.४. म्हणजे भिंतीचा पाया दोन मीटरमध्ये ६.७ मिलिमीटरने कलतो. मधोमध, चार मीटरवर, बाक ११.२, दोन टोकं जोडणाऱ्या सरळ रेषेपेक्षा सुमारे दीड मिलिमीटर खाली. भिंत नुसती कलली तर विटा एकमेकींना धरून राहतात. तळ मधून खचला की चिरा जातात. त्यामुळे भिंतीसाठी १३.१ पेक्षा हा दीड मिलिमीटरचा आकडा जास्त बोलका आहे. यातला किती भाग भिंत बांधून झाल्यावर येतो, हे बांधकामाच्या क्रमावर ठरतं. ३६ किलोन्यूटनचा भार आधीच बसलेला असेल तर त्याचा बाक भिंत उभी राहण्यापूर्वीच येऊन गेलेला असतो. भिंतीच्या दोन पदांचं आणि त्यांच्या वाट्याच्या टेकूंचं गणित वेगळं केलं की तोही भाग सुटा मिळतो.

गर्डरला मध्येच एखादा ब्रॅकेट जोडलेला असेल आणि तो पीळ दिल्यासारखा नुसता मोमेंट देत असेल, तर त्याचा कंस शून्य घाताचा लिहायचा. शून्य घात म्हणजे १, म्हणून हा कंस लिहायचाच राहून जातो. मग इंटिग्रेट करताना वाढवायला घातच हाताशी नसतो आणि ते पद गळतं.

ही रीत अडते ती EI बदलतो तिथे. गर्डरच्या मधल्या भागाला खालून-वरून प्लेट वेल्ड केली तर तिथला I वाढतो, मोमेंटच्या एका सूत्राला एका EI ने भागणं चुकीचं ठरतं, आणि जिथे सेक्शन बदलतो तिथे गर्डर पुन्हा तुकड्यांत घ्यावा लागतो. मध्ये बिजागरीसारखा सांधा असेल तर तिथे उतारात खरोखरीच उडी असते. ती मात्र याच कंसाने घेता येते: उताराच्या ओळीत ⟨x − a⟩⁰ चं एक पद अज्ञात आकड्यासह घालायचं आणि सांध्यावर मोमेंट शून्य असतो ही जादा अट वापरून तो आकडा काढायचा.