रविवारची मॅच कितीला पडते?

संधी खर्चाची व्याख्या फळ्यावर लिहिली, तर मुलं ती पाठ करतात आणि पेपर संपला की विसरतात. त्यापेक्षा नववीतल्या एखाद्या खेळाडूला उभं करून विचारावं, “रविवारी दुपारी मॅच आहे ना रे? कितीला पडणार?”

“फुकट, सर. बॉलसाठी वीस रुपये वर्गणी काढली होती, ती कधीच दिली.”

ते वीस रुपये आधी बाजूला काढायचे. तो खेळला काय, न खेळला काय, ते परत येणार नाहीत. म्हणून रविवारच्या निर्णयात ते धरायचेच नाहीत. हे मुलांना चटकन पटत नाही. ‘पैसे भरलेत ना, मग जायलाच हवं’ हे त्यांनी घरीच ऐकलेलं असतं.

मग खरा प्रश्न. “नाही गेलास, तर ते तीन तास काय करशील?” सोमवारी बीजगणिताचा पेपर आहे. उजळणी, झोप, मोबाइल, मामाकडे चक्कर अशी उत्तरं येतात आणि वर्ग या सगळ्यांची बेरीज करू लागतो. नेमकी चूक इथे होते. तीन तास एकदाच वापरता येतात; म्हणून सोडून दिलेल्या पर्यायांपैकी त्याच्या लेखी सर्वांत मोलाचा जो एक, तेवढाच मॅचचा संधी खर्च. शिवाय तो हातून खरोखर होणारा हवा. घरी बसून मोबाइलच बघणार असेल, तर मॅचमुळे अभ्यास बुडाला असं म्हणता येत नाही. इथे वर्ग हसतो, हसू द्यावा.

समजा, तो उजळणी नक्की करणार आहे. त्याच्या अंदाजाने पहिल्या तासात बहुपदी पक्की होऊन 5 गुण वाढतील, दुसऱ्या तासात 2, तिसऱ्यात 1. म्हणजे मॅच 8 गुणांना पडली. पण सकाळीच एक तास बसला, तर दुपारी मिळवण्यासारखे फार तर 3 गुण उरतात. मॅच तीच, खर्च मात्र 8 वरून 3 वर. “पण सर, सकाळची झोप गेली!” असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, आणि ते बरोबर असतं. त्या तासाचा संधी खर्च झोप.

आम्ही शिक्षक एक बाजू सोयीने विसरतो. अभ्यासालाही संधी खर्च असतो, आणि तो म्हणजे ही मॅच. सलामीला उतरणाऱ्यासाठी तो मोठा, बारावा खेळाडू म्हणून पाणी नेणाऱ्यासाठी बहुधा लहान. गुण आणि खेळातली मजा एका मापाने मोजता येत नाहीत. 3 गुण सोडून खेळायला जाणं परवडतं का, हे फळ्यावरच्या आकड्यांतून निघत नाही. ते त्या मुलालाच ठरवावं लागतं.