एआय साधन बदलताना प्रकल्पाची पार्श्वभूमी कशी न्यावी?

संभाषणांची निर्यात केली की एका एआय साधनातील काम दुसऱ्यात नेता येते, असा अनेकांचा समज असतो. चॅटजीपीटीच्या सेटिंग्जमध्ये ‘Data controls’ खालील ‘Export data’ निवडल्यास ईमेलवर दुवा येतो; तो २४ तासच चालतो. मिळालेल्या झिप फाइलमध्ये संभाषणे JSON स्वरूपात असतात. तिच्यात फेटाळलेले पर्याय अंतिम निर्णयांच्या शेजारीच पडून असतात. ती जशीच्या तशी नव्या साधनाला दिल्यास दोहोंतील भेद त्याला उमगेलच असे नाही.

त्यापेक्षा दोन पानांचे हस्तांतर टिपण अधिक उपयोगी ठरते. समजा, एका अहवालाचे मराठी भाषांतर सुरू आहे. ‘स्टेकहोल्डर’साठी ‘हितसंबंधी’ वापरावा, एवढीच नोंद अपुरी आहे. ‘भागधारक’ हा शब्द ‘शेअरहोल्डर’साठी राखून ठेवला आहे, हे कारणही लिहावे, अन्यथा पुढील प्रकरणात हाच घोळ पुन्हा होतो. टिपणाचा मसुदा जुन्या साधनाकडून करून घेता येतो. मात्र रद्द झालेला निर्णय त्यात कायम म्हणून येऊ शकतो, त्यामुळे तो मूळ संभाषणांशी ताडून पाहणे आवश्यक आहे.

हे टिपण नव्या साधनातील प्रकल्पाच्या सूचनांमध्ये ठेवावे आणि आधीच पूर्ण झालेला एखादा परिच्छेद त्याच्याकडून पुन्हा भाषांतरित करून घ्यावा. ‘स्टेकहोल्डर’च्या जागी ‘भागधारक’ अवतरला, तर टिपणात दुरुस्ती करून चाचणी पुन्हा घ्यावी. तोवर जुने खाते बंद करू नये.