डाउनलोड नाकारणारे तीन आकडे

डाउनलोड अडलं की बहुतेकांचा हात आधी वायफायकडे जातो. पण पडद्यावर 403, 404 किंवा 429 दिसत असेल, तर वायफायला उगाच दोष देऊ नये. मागणी सर्व्हरपर्यंत पोचली, त्याने ती वाचली आणि नाकारली, म्हणूनच हा आकडा आला. आकडा 5 ने सुरू होत असेल, तर गडबड सर्व्हरच्या बाजूची.

सर्वात जास्त बुचकळ्यात टाकतो तो 403 Forbidden, म्हणजे परवानगी नाही. सकाळी चाललेली लिंक दुपारी परवानगी कशी नाकारते? मोठ्या फायली पुष्कळदा अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या साठवणीत असतात आणि तिथली लिंक अनेकदा ठरावीक वेळेपुरतीच दिलेली असते. त्या लांबलचक पत्त्यात मुदत उघड लिहिलेली असते, फक्त ती कुणी वाचत नाही:

```
X-Amz-Date=20250611T043000Z&X-Amz-Expires=3600
```

शेवटचा Z सांगतो की वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार आहे. साडेचारमध्ये साडेपाच तास मिळवले की आपल्याकडचे सकाळचे १० होतात. लिंक ३६०० सेकंद, म्हणजे ११ वाजेपर्यंत चालेल. ही मुदत तपासली जाते ती मागणी करताना. त्यामुळे १०:५० ला सुरू केलेलं डाउनलोड ११ नंतरही चालू राहतं. पण मध्येच नेट तुटलं आणि सव्वाअकराला ‘रिझ्यूम’ दाबलं, तर ती नवी मागणी ठरते आणि 403 येतो. अशा वेळी तीच लिंक कितीही वेळा दाबून उपयोग नाही. मूळ पानावर जाऊन नवी लिंक घ्यावी लागते.

404 Not Found दिसलं की फाइल काढून टाकली, असं आपण धरून चालतो. पत्त्यातली एखादी चूकही पुरते. अनेक सर्व्हरांना Granth.pdf आणि granth.pdf वेगळे वाटतात. शिवाय हा आकडा कधीकधी मुद्दाम लपवाछपवी करतो. गिटहबवरचा खासगी प्रकल्प परवानगी नसलेल्याला 404 दाखवतो, कारण 403 दिला तर प्रकल्प तिथे आहे हे कळेल. म्हणून फाइलची आशा सोडण्याआधी आपण योग्य खात्यातून लॉगिन केलंय का, ते पाहावं.

429 Too Many Requests त्या मानाने सरळ आहे: फार घाई केलीत, थांबा. डाउनलोड मॅनेजर एकाच फाइलसाठी सात-आठ जोडण्या उघडतो, तेव्हा हे होऊ शकतं. जोडण्या एक-दोनवर आणाव्यात. उत्तरासोबत `Retry-After: 120` आलं असेल, तर १२० सेकंद थांबायचं. सगळेच सर्व्हर ते पाठवत नाहीत. आणि पहिल्याच क्लिकला 429 आला, तर? बरेच सर्व्हर इंटरनेट पत्त्यावरून मोजदाद करतात आणि मोबाइल कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. शेजाऱ्याची घाई तुमच्या नावावर लागली असेल. दुसऱ्या जोडणीवरून करून पाहिलं की ते कळतं.