डब्याच्या तळाचा आकडा काय सांगतो?

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरहून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या पिशवीत जेवणाचा डबा असतोच. सकाळी भरलेली आमटी-भाजी दुपारी ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये तापवली जाते. डबा प्लास्टिकचा असेल, तर त्याला दोनदा उष्णता सोसावी लागते. पहिल्यांदा गॅसवरून उतरवलेला पदार्थ आत ओतताना आणि पुन्हा दुपारी तो तापवताना. ती त्याला झेपेल का, याचा पहिला अंदाज तळाशी त्रिकोणात उमटवलेल्या आकड्यावरून येतो. १ म्हणजे पेट, २ आणि ४ ही पॉलिइथिलीनची दोन रूपे आणि ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन.

पाण्याच्या बाटल्या आणि किराणा मालाच्या काचेसारख्या पारदर्शक बरण्या बहुधा पेटच्या असतात. पेट वितळते साधारण २५० अंश सेल्सिअसला, म्हणून ते सर्वांत दणकट वाटते. पण डब्यासाठी वितळण्याचा बिंदू नव्हे, तर मऊ पडण्याचा बिंदू महत्त्वाचा असतो आणि पेटचा तो ७० ते ८० अंशांच्या आसपासच आहे. बाटली घडवताना पेटची नळी तापवून, ताणून फुगवतात आणि लगेच थंड करतात. त्यातल्या रेणूंच्या लांब साखळ्या ताणलेल्या रबरासारख्या तशाच अडकून राहतात. रिकाम्या बरणीत ९० अंशांची कढी ओतली की त्या सुटतात, आखडतात आणि बरणी वेडीवाकडी होते. शिवाय पेट तयार करताना वापरलेल्या अँटिमनीचे अंश उष्णतेत अधिक प्रमाणात पदार्थात उतरतात. मसाले, बडीशेप, चिवडा यांसाठी मात्र पेट उत्तम, कारण वास आणि ऑक्सिजन त्यातून पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनपेक्षा खूप हळू आरपार जातात.

पॉलिइथिलीन लवचिक असते आणि फ्रीझरच्या थंडीतही तडकत नाही. म्हणून डब्यांची मऊ, दाबून बसणारी झाकणे बहुधा त्याचीच असतात. पण आकडा ४ असलेले पॉलिइथिलीन ११० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याच्या बरेच आधी ढिले पडते. आकडा २ चे १३० अंशांच्या आसपास वितळते. डबा ५ आकड्याचा आणि झाकण ४ आकड्याचे, अशी जोडी नेहमी आढळते. त्यामुळे मायक्रोवेव्हमध्ये डबा ठेवताना झाकण काढावे. वाफेलाही वाट मिळते.

पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळते आणि १०० अंशांच्या पदार्थातही आकार टिकवते. गरम जेवणाच्या डब्यासाठी तिघांत तेच योग्य. त्याचे दुखणे थंडीत आहे. शून्याच्या आसपास साधे पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होते आणि फ्रीझरमधून काढलेला डबा हातून पडला, तर तडकतो.

मायक्रोवेव्हच्या लहरी प्लास्टिकला जवळजवळ तापवत नाहीत. त्या पदार्थातल्या पाण्याला तापवतात आणि डबा पदार्थामुळे तापतो. भातात किंवा पातळ वरणात पाणी भरपूर असल्याने तापमान १०० अंशांच्या आसपास अडते. तेल आणि साखरेला असा अडसर नाही. तर्री आलेली उसळ किंवा तूपसाखरेचा शिरा जिथे डब्याला टेकतो, तिथे तापमान शंभरीच्या बरेच वर जाऊ शकते. म्हणूनच जुन्या डब्यात तेलाची रेषा असते तिथे खरखरीत, खड्डे पडलेली कड दिसते. हळदीचा पिवळा डाग वेगळा: हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि तेल पॉलिप्रॉपिलीनमध्ये मुरते. डाग निरुपद्रवी असतो आणि उन्हात फिका होतो. खरखरीत कड मात्र पृष्ठभाग बिघडल्याची खूण आहे. असा डबा तापवायला वापरू नये.

तळाला आकडाच नसेल, तर डब्याचा छोटा तुकडा कापून पाण्यात टाकावा. पेट बुडते, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीन तरंगतात. तरंगणाऱ्या दोघांतला फरक मात्र पाण्यावरून कळत नाही.

आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो, मायक्रोवेव्हची परवानगी देत नाही. त्यासाठी ‘मायक्रोवेव्ह सेफ’ची खूण स्वतंत्रपणे पाहावी लागते. ‘बीपीए फ्री’ ही पाटी इथे फारसे सांगत नाही, कारण या तिन्ही प्लास्टिकांच्या घडणीत बीपीए नसतेच. आपल्याकडील नियमानुसार प्लास्टिकमधून पदार्थात उतरणारे घटक एकूण मिळून किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या आत असावे लागतात. पण प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांची मोजदाद ही वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये लहान मुलांच्या अन्नाचे पॉलिप्रॉपिलीनचे डबे तपासले. मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटे तापवल्यावर काही डब्यांच्या एका चौरस सेंटिमीटरमधून ४० लाखांहून अधिक सूक्ष्म कण सुटलेले आढळले. शरीरावर त्यांचा नेमका किती परिणाम होतो, यावर अभ्यास चालू आहे. तोवर व्यवहार्य मार्ग असा: प्रवासाला पॉलिप्रॉपिलीनचा डबा आणि तापवायला ऑफिसात ठेवलेला काचेचा किंवा चिनीमातीचा वाडगा.